शॉपिंग मेंबरशिपमधला यूट्यूब प्रीमियम जुन्या जीमेलवर घेताना

प्रश्न: माझ्या जीमेलवर यूट्यूब म्युझिक प्रीमियम महिन्यावारी चालू आहे, पैसे यूपीआय ऑटोपेने जातात. २०१९ पासूनच्या प्लेलिस्ट त्यात आहेत. आता बायकोने वर्षाची शॉपिंग मेंबरशिप घेतली, तिच्यात वर्षभराचा यूट्यूब प्रीमियम फुकट आलाय. तिला तो नकोय, मला हवाय. क्लेम केला तर माझं जुनं खातं बिघडेल का? रोज मरोळ नाका ते काळबादेवी मेट्रोने जातो, भुयारात रेंज नसते, त्यामुळे डाउनलोड केलेली गाणी जायला नकोत.

उत्तर:

नीट क्रमाने केलंत तर बिघडणार नाही. तुमच्या प्लेलिस्ट, लाइक केलेली गाणी, ऐकण्याचा इतिहास हे सगळं तुमच्या गूगल खात्यात असतं, मेंबरशिपमध्ये नाही. मेंबरशिप हा त्या खात्यावर लावलेला शिक्का आहे. शिक्का काढला, दुसरा मारला, तरी आतलं सामान जागचं हलत नाही. मेंबरशिप संपल्यावर जातात त्या सोयी: जाहिरातीविना ऐकणं, स्क्रीन बंद असताना गाणं चालू राहणं आणि ऑफलाइन डाउनलोड. त्यामुळे तुमची डाउनलोडची काळजी रास्त आहे, प्लेलिस्टची तितकी नाही.

खरा धोका वेगळाच आहे. क्लेमचं बटण दाबताना ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये जे गूगल खातं उघडं असेल, वर्षभराचा प्रीमियम त्याच खात्याला चिकटतो. तो बायकोच्या जीमेलवर गेला, तुमच्या ऑफिसच्या खात्यावर गेला किंवा कधीतरी रिचार्जसाठी काढलेल्या तिसऱ्याच जीमेलवर गेला, तर तिथून उचलून तुमच्या खात्यावर आणायची सोय यूट्यूबमध्ये नाही. म्हणून सगळी काळजी त्या एका क्लिकपाशी घ्यायची आहे. त्याच्या आधी आणि नंतर काय करायचं, तेवढं सांगतो.

पहिलं काम म्हणजे ऑफरच्या अटी वाचणं. त्यातल्या तीनच ओळी महत्त्वाच्या आहेत. पहिली, तुम्हाला मिळतंय ते पूर्ण यूट्यूब प्रीमियम आहे की प्रीमियम लाइट. पूर्ण प्रीमियममध्ये म्युझिक प्रीमियम आपोआप येतं, वेगळं काही क्लेम करावं लागत नाही. लाइटमध्ये मात्र म्युझिक प्रीमियम नसतं, आणि गाण्यांच्या व्हिडिओंवर जाहिराती येतच राहतात. ऑफर लाइटची निघाली तर तुमचं चालू म्युझिक प्रीमियम बंद करू नका, हा विषय तिथेच संपला. फ्लिपकार्ट ब्लॅकसारख्या २०२५ मध्ये आलेल्या मेंबरशिपमध्ये तेव्हा पूर्ण प्रीमियम जोडलेला होता, पण तुमच्या मेंबरशिपच्या पानावर नेमका कोणता शब्द आहे, तो स्वतः बघा.

दुसरी ओळ म्हणजे क्लेम करायची शेवटची तारीख. शॉपिंग मेंबरशिप वर्षभर चालते म्हणून क्लेमही वर्षभरात कधीही करता येईल, असं धरून चालू नका. क्लेमची मुदत वेगळी आणि बरीच कमी असू शकते. पुढचं सगळं वेळापत्रक याच तारखेवर बसवायचं आहे.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ऑफर कोणाला चालते, हे दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, आणि दोन्हीत मोठा फरक आहे. एक तऱ्हा अशी, की ज्या खात्यावर सध्या कुठलीही चालू मेंबरशिप नाही, ते खातं चालेल. तुमचं काम या अटीत बसतं: जुनी मेंबरशिप संपू द्यायची आणि मग क्लेम करायचं. दुसरी तऱ्हा अशी, की ज्या खात्याने याआधी कधीच प्रीमियम किंवा म्युझिक प्रीमियम घेतलेलं नाही, तेच चालेल. ही अट असेल तर तुमचं जुनं जीमेल आज रद्द करून उपयोग नाही, वर्षभर थांबूनही नाही. खात्याचा जुना हिशेब गूगलकडे राहतो. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: ऑफरसाठी नवं जीमेल काढून २०१९ पासूनचं सगळं तिकडे ओढत बसू नका. ते वर्ष बायकोच्या खात्यावर लावा, त्यांना यूट्यूबवर जाहिराती येणार नाहीत एवढा फायदा घरात राहू द्या, आणि तुमचं चालू आहे तसं चालू ठेवा.

पहिल्या तऱ्हेची अट असेल असं धरून पुढे जातो.

आता तुमची चालू मेंबरशिप नेमकी कुठल्या खात्यावर आहे आणि तिचे पैसे कोणामार्फत जातात, हे बघा. फोनच्या ब्राउझरमध्ये किंवा कॉम्प्युटरवर हे पान उघडा:

```
https://www.youtube.com/paid_memberships
```

इथे मेंबरशिपचं नाव, पुढच्या बिलाची तारीख आणि पैसे घेणारा दिसतो. तिन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढा. पान रिकामं दिसलं तर घाबरू नका, बहुधा तुम्ही भलत्याच खात्यात आहात.

इथे एक बारीक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एका जीमेलखाली यूट्यूबची एकाहून जास्त नावं असू शकतात. कधीतरी सोसायटीच्या गणेशोत्सवाचे व्हिडिओ टाकायला वेगळं चॅनल काढलं असेल, तर तेही त्याच जीमेलखाली दुसरं नाव म्हणून उभं असतं, आणि त्याची लायब्ररी, प्लेलिस्ट वेगळ्या असतात. मेंबरशिप जीमेलला आहे असं आपण म्हणतो, पण ती त्यातल्या एका नावाला मिळते. म्हणून यूट्यूब म्युझिक ॲप उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवा आणि तिथे दिसणारं नाव, त्याखालचं @ ने सुरू होणारं हँडल आणि ईमेल लिहून घ्या. ज्या नावाखाली तुमच्या प्लेलिस्ट दिसतात, तेच नाव क्लेम करताना समोर असलं पाहिजे. नुसता ईमेल जुळला म्हणून पुढे जाऊ नका.

मग येतो रद्द करण्याचा प्रश्न. चालू मेंबरशिप रद्द केली तरी भरलेल्या महिन्याच्या शेवटापर्यंत ती चालते. तुमचंच उदाहरण तारखांसकट मांडतो. समजा पुढचं बिल १८ तारखेला आहे, आज ६ तारीख आहे आणि क्लेमची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तर आजच रद्द करा. १८ पर्यंत गाणी नेहमीसारखी वाजतील. १९ तारखेला वरचं पान पुन्हा उघडा, तिथे चालू मेंबरशिप दिसत नाही याची खात्री करा आणि त्याच दिवशी क्लेम करा. मध्ये फार तर एक-दोन दिवस जाहिराती ऐकाव्या लागतील. मुदत १५ तारखेलाच संपत असेल तर मात्र हे गणित बसत नाही. तेव्हा शॉपिंगवाल्यांच्या कस्टमर केअरला आधी विचारा, की चालू म्युझिक प्रीमियम असताना क्लेम केला तर तो स्वीकारला जाईल का. उत्तर चॅटवर लेखी घ्या.

रद्द करायचं ते paid_memberships पानावरूनच. तिथे `Manage membership`, मग `Deactivate`, मग `Continue to cancel` असं जावं लागतं. मध्ये यूट्यूब थांबवण्याचा, म्हणजे पॉजचा पर्याय पुढे करतं. तो घेऊ नका. पॉज १ ते ६ महिन्यांसाठी असतो आणि पॉज झालेली मेंबरशिप संपलेली नसते, ती झोपलेली असते. मुदत झाली की ती आपोआप जागी होऊन पैसे कापायला लागते. शिवाय खात्यावर आधीच मेंबरशिप आहे असं धरून तुमचा क्लेम अडू शकतो, आणि मग कारण शोधत बसावं लागतं.

पैसे कोणामार्फत जातात यावर रद्द करण्याची जागा बदलते. गूगलच पैसे घेत असेल तर वरची वाट. आयफोनच्या ॲपमधून घेतली असेल तर पैसे ॲपल घेतं, आणि तेव्हा फोनच्या `Settings` मध्ये वर आपल्या नावावर जाऊन `Subscriptions` मधून रद्द करावी लागते, आणि तो महिना पूर्ण संपेपर्यंत थांबण्याला पर्याय नसतो. नुसतं ॲप काढून टाकल्याने कुठलीच मेंबरशिप रद्द होत नाही.

तुमच्या बाबतीत यूपीआय ऑटोपे आहे, म्हणून त्याबद्दल वेगळं सांगतो. अनेक जण यूट्यूबमध्ये न जाता थेट यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट रद्द करतात आणि काम झालं असं समजतात. यूट्यूबच्या दृष्टीने तुमची मेंबरशिप तेव्हाही चालूच असते. १८ तारखेला पैसे मागितले जातात, मिळत नाहीत, मग पैसे थकल्याची सूचना येते आणि खातं काही दिवस ना चालू ना बंद अशा अवस्थेत लटकतं. १९ ला क्लेम करायला गेलात की तो नेमका याच अवस्थेवर अडखळू शकतो. म्हणून क्रम असा: आधी यूट्यूबवर रद्द करा, रद्द झाल्याचा मेल आला का बघा, आणि मग यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट तिथे अजून दिसतंय का ते तपासा. दिसत असेल तर १८ तारीख उलटून गेल्यावर काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तेव्हा १७ च्या आसपास यूट्यूबच्या नावाने तशी सूचना आली, तर समजा की रद्द करणं अर्धवट राहिलंय, आणि तेव्हाच पुन्हा जाऊन बघा.

आता डाउनलोड. ही गाणी फाइल म्हणून तुमची नसतात. ॲप ती वाजवताना खात्यावर मेंबरशिप आहे का ते बघतं, आणि त्यासाठी ३० दिवसांतून एकदा तरी फोन नेटला जोडावा लागतो. मेंबरशिप संपली की डाउनलोड केलेली गाणी दिसेनाशी होतात किंवा वाजत नाहीत. नवा प्रीमियम लागल्यावर ती परत चालतील यावर विसंबू नका, पुन्हा डाउनलोड करण्याची तयारी ठेवा. तुम्हाला आठशे गाणी हवी असतील तर त्यांची यादी आधी एकाच प्लेलिस्टमध्ये गोळा करून ठेवा. म्हणजे क्लेम झाल्यावर घरच्या वायफायवर त्या एका प्लेलिस्टच्या डाउनलोडच्या बाणावर बोट ठेवलं की रात्रीत काम होतं, एकेक अल्बम शोधत बसावं लागत नाही. एका प्लेलिस्टमध्ये ५,००० गाणी मावतात, त्यामुळे जागेची अडचण येणार नाही. आणि शक्य असेल तर क्लेमचा दिवस शनिवार-रविवारी येईल असं बघा. मधल्या दिवशी काळबादेवीपर्यंत शांतता सोसावी लागणार नाही.

तुम्ही स्वतःच्या जुन्या सीडींची गाणी कॉम्प्युटरवरून यूट्यूब म्युझिकमध्ये अपलोड केली असतील तर त्यांची चिंता करू नका. अपलोड केलेली गाणी प्रीमियम नसतानाही जाहिरातीविना आणि ऑफलाइन ऐकता येतात. मधल्या दोन दिवसांसाठी तीच कामाला येतील.

क्लेमच्या आधी एक सुरक्षेचा उपाय करून ठेवा, त्याला दहा मिनिटं लागतात. takeout.google.com वर जा, सगळं अनटिक करा, फक्त `YouTube and YouTube Music` टिक करा, आणि त्याच्या आतल्या यादीतूनही फक्त `playlists` ठेवा. व्हिडिओ टिक राहिले तर फाइल उगाच मोठी होते. थोड्या वेळाने मेलवर लिंक येते, त्यात प्रत्येक प्लेलिस्टची वेगळी सीएसव्ही फाइल असते. त्यात गाण्यांची नावं नसतात, प्रत्येक गाण्याचा व्हिडिओ आयडी असतो. तो youtube.com/watch?v= च्या पुढे चिकटवला की गाणं उघडतं. एवढं हाताशी असलं की प्लेलिस्टबद्दल मनात धाकधूक उरत नाही.

आता ती एक क्लिक. शॉपिंग मेंबरशिप बायकोच्या मोबाइल नंबरवर आहे, गाणी तुमच्या जीमेलवर. या दोघांची गाठ आधीपासून बांधलेली नसते, ती क्लेम करतानाच पडते. म्हणून बायकोच्या फोनवर, त्यांच्या शॉपिंग ॲपमधून थेट बटण दाबू नका. त्या फोनवर त्यांचंच गूगल खातं आहे, आणि बटण दाबताच यूट्यूब ॲप किंवा क्रोम त्याच खात्याने उघडतं. बहुतेक चुका अशाच होतात. कोणी चुकीचं काही निवडत नाही, निवडायची संधीच मिळत नाही.

सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे कॉम्प्युटर आणि इनकॉग्निटो विंडो. इनकॉग्निटो विंडोत आधीपासून कुठलंच खातं उघडं नसतं, त्यामुळे ब्राउझरला स्वतःच्या मनाने काही ठरवता येत नाही. ती विंडो उघडा. पहिल्या टॅबमध्ये तुमच्या जीमेलने, आणि फक्त त्याच जीमेलने, यूट्यूबवर लॉगिन करा. मग हे पान बघा:

```
https://www.youtube.com/account
```

इथे नाव आणि ईमेल दिसतात. वहीतल्या नावाशी आणि हँडलशी ताडून पाहा. जीमेलखाली दुसरं चॅनल असेल आणि तेच पुढे आलं असेल, तर फोटोवर क्लिक करून `Switch account` मधून बरोबर नाव निवडा. मग त्याच विंडोच्या दुसऱ्या टॅबमध्ये शॉपिंगची साइट उघडा आणि बायकोच्या नंबरने लॉगिन करा. ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, म्हणून हे काम दोघं घरी असताना करा. मेंबरशिपच्या पानावर जाऊन क्लेमचं बटण दाबा. यूट्यूबचं पान उघडेल तेव्हा वरच्या कोपऱ्यातला फोटो तुमचाच आहे ना, हे शेवटचं बटण दाबण्याआधी बघा. इथपर्यंत मागे फिरता येतं. त्यानंतर नाही.

काही मेंबरशिपचं क्लेमचं बटण वेबसाइटवर नसतं, फक्त ॲपमध्ये असतं. तेव्हा उलट करा: तुमच्या फोनवर बायकोच्या नंबरने शॉपिंग ॲपमध्ये लॉगिन करा. त्याआधी तुमच्या फोनवरच्या यूट्यूब ॲपमध्ये आणि क्रोममध्ये कुठलं खातं पुढे आहे, ते दोन्हीकडे वेगवेगळं तपासा, कारण दोघांची निवड एकच असेल असं नाही. फोनवर ऑफिसचं खातंही असेल तर तेवढ्यापुरतं ते काढून टाकणं सोपं पडतं. क्रोममध्ये जे खातं पहिलं लॉगिन झालं, तेच बहुधा पुढे येतं, आणि अनेकांच्या फोनवर ते ऑफिसचं असतं.

कूपन कोड मिळाला असेल तर काम आणखी सोपं. तो youtube.com/redeem या पानावर, त्याच इनकॉग्निटो विंडोत टाकायचा. कोड व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपमध्ये पाठवू नका. जो पहिला टाकेल त्याचा तो.

क्लेम करताना कार्ड किंवा यूपीआयची माहिती मागितली तर थांबून वाचा. माहिती मागितली म्हणजे फसवणूक असं नाही. ऑफरचं वर्ष संपल्यावर पूर्ण दराने आपोआप पुढे चालू राहील, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. भारतात वैयक्तिक प्रीमियमचा महिन्याचा दर २०२४ च्या दरवाढीनंतर १४९ रुपये झाला. त्यामुळे क्लेम होताच पुन्हा paid_memberships पान उघडा आणि तीन गोष्टी बघा: मेंबरशिपचं नाव प्रीमियम आहे, तारीख सुमारे एक वर्ष पुढची आहे, आणि तिथे जुनी म्युझिक प्रीमियमची ओळ उरलेली नाही. दोन्ही ओळी दिसल्या तर जुनी अजून जिवंत आहे आणि पुढच्या १८ ला पैसे मागेल. तीन महिन्यांनी लक्षात येण्यापेक्षा त्याच दिवशी रद्द करा.

पान बरोबर दाखवतंय पण फोनवर जाहिराती येतच आहेत, असंही होतं. तेव्हा क्लेम फसला असं समजू नका. यूट्यूब म्युझिक ॲपमधून साइन आउट करून त्याच नावाने पुन्हा साइन इन करा. फोटोवर बोट ठेवून हँडल तपासा, बहुतेकदा ॲप दुसऱ्या चॅनलच्या नावाने उघडं असतं.

क्लेम चुकीच्या खात्यावर गेलाच तर? पहिली गोष्ट, लगेच शॉपिंगवाल्यांच्या कस्टमर केअरशी बोला. कोड रद्द करून नवा द्यायचा अधिकार असला तर त्यांच्याकडे असतो, यूट्यूबकडे नाही. तो मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर दोन रस्ते उरतात. ते खातं बायकोचं असेल तर वर्षभर त्यांनाच वापरू द्या, तुमची मेंबरशिप पुन्हा सुरू करा. तुमचंच दुसरं जीमेल असेल आणि वर्ष वाया घालवायचं नसेल, तर प्लेलिस्ट तिकडे उतरवून घेता येतात. जुन्या खात्यात प्लेलिस्ट `Unlisted` करा, तिची लिंक नव्या खात्यात उघडा. तिथे नुसती लायब्ररीत सेव्ह केलीत तर ती जुन्याच प्लेलिस्टची सावली राहते, जुनीत काही पुसलं की नवीतूनही जातं. म्हणून तीन टिंबांच्या मेनूतून `Save to playlist` घ्या आणि नवी प्लेलिस्ट तयार करा, मग ती स्वतंत्र प्रत होते. लाइक केलेल्या गाण्यांची यादी शेअर करता येत नाही, त्यामुळे ती जुन्या खात्यात आधी एखाद्या साध्या प्लेलिस्टमध्ये उतरवून घ्यावी लागते. आणि तुमच्या आवडीवरून सुचवली जाणारी गाणी नव्या खात्यात शून्यापासून सुरू होतील. २०१९ पासून घडलेली ती ओळख उतरवून घेता येत नाही, म्हणूनच जुनं खातं जपण्यावर माझा एवढा भर आहे.

तुम्ही सध्या कोणाच्या फॅमिली प्लॅनमध्ये असता तर उत्तर वेगळं असतं. फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडून दुसऱ्या ग्रुपमध्ये जाणं बारा महिन्यांतून एकदाच जमतं, त्यामुळे अशा वर्षभराच्या ऑफरसाठी घाईने ग्रुप सोडणं सहसा परवडत नाही. तुमचं तसं नाही. पण हे उत्तर वाचणाऱ्या कोणाचं असेल तर त्यांनी हे आधी तपासावं.

ॲमेझॉन प्राइमसोबत येणाऱ्या प्राइम म्युझिकला ही सगळी कसरत लागत नाही. तिथे खरेदीचं खातं आणि गाण्याचं खातं एकच असतं, वेगळा क्लेम नसतो. तिथली चूक वेगळी: मोबाइल नंबरवर एक खातं आणि ईमेलवर दुसरं, अशी दोन ॲमेझॉन खाती नकळत झालेली असतात, आणि म्युझिक ॲपमध्ये प्राइम नसलेल्या खात्याने लॉगिन होतं. प्राइम कुठल्या खात्यावर आहे ते बघून त्याच नंबरने किंवा ईमेलने म्युझिक ॲपमध्ये शिरा. कुठलंही खातं बंद करायची घाई करू नका, कारण बंद केलेल्या खात्यातल्या जुन्या ऑर्डरी आणि प्लेलिस्ट परत येत नाहीत.

शेवटी, वर्षभरानंतरच्या तारखेबद्दल. शॉपिंग मेंबरशिप बायकोने या वर्षी ५ तारखेला घेतली आणि तुम्ही क्लेम १९ ला केलात, तर दोन्ही वर्षं वेगवेगळ्या दिवशी संपतात. शॉपिंग मेंबरशिप आधी संपली किंवा मध्येच रद्द केली, तर तिच्यातला प्रीमियमही जातो का, हे त्याच अटींच्या पानावर लिहिलेलं असतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन्ही तारखांच्या आठ दिवस आधीची आठवण लावून ठेवा. तेव्हा मेंबरशिप नव्याने घ्यायची असेल तर याच उत्तरातली अटींची तिसरी ओळ पुन्हा वाचा, कारण पुढच्या वर्षी तुमचं खातं प्रीमियम घेतलेलं जुनं खातं असेल.